पहिला माणूस चढण्याआधी

(बांधकाम ठेकेदार, मुकादम आणि साइट सुपरवायझर यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक साइटवरूनच आलेत हे तुमच्या चपलांवरच्या सिमेंटवरून कळतंय, त्यामुळे परांची म्हणजे काय हे मी सांगत बसणार नाही. कुणाकडे तिला पहाड म्हणतात, कुणाकडे नुसतं स्कॅफोल्डिंग. मला आज तीन मजली इमारतीच्या परांचीबद्दल बोलायचंय, कारण आपल्यातल्या बहुतेकांचं काम तेवढ्याच उंचीचं असतं. वीस मजल्यांच्या टॉवरवर सेफ्टी ऑफिसर असतो, नकाशे असतात. तळमजला अधिक दोन आणि वर गच्चीची भिंत, म्हणजे चौतीस-पस्तीस फूट, तिथे मात्र परांची बांधणारा एक दिवस येतो, बांधतो आणि जातो. पुढचे दोन महिने ती कुणाचीच नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: रोज सकाळी परांचीला ‘तू चांगली आहेस का?’ असं विचारू नका. ‘काल संध्याकाळपासून तुझ्यातलं कुणी काय नेलं?’ असं विचारा. परांची बांधली तशी राहत नाही. तिच्यातला क्लॅम्प प्लंबरला लागतो, फळी सेंट्रिंगवाल्याला लागते, आडवा पाइप कुणीतरी खिडकीतून लाद्या आत घ्यायला काढतो. खालची माती पावसाने जाते. बांधली त्या दिवशी ती पक्की होती म्हणून आज पक्की आहे असं धरता येत नाही.

आता याच्याशी जोडलेली माझी एक तक्रार आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तपासणीचं रजिस्टर. एका साइटवर मी सोमवारी सकाळी गेलो. नाव घेत नाही, गरज नाही. रजिस्टर मागितलं, लगेच मिळालं, छान प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. उघडलं तर त्या सोमवारची सही होती, मंगळवारची होती, थेट शनिवारपर्यंतच्या सह्या होत्या. सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने ‘ठीक’. मी त्या सुपरवायझरवर ओरडलो नाही. तरुण मुलगा होता, तीन साइट सांभाळत होता, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की रजिस्टर पूर्ण पाहिजे. त्याने पूर्ण केलं. परांचीखाली जाऊन काय करायचं ते मात्र त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून मी म्हणतो, तपासणीला जाताना पेन खिशात ठेवा आणि हातात पाना घ्या. पाना, ओळंबा आणि मोजपट्टी. सही परत आल्यावर.

त्याच दिवशी मी त्याला सोबत घेऊन परांचीला एक फेरी मारली. काय सापडलं ते सविस्तर सांगतो.

मे महिना संपत आलेला, रात्री वळीव पडून गेलेला. पश्चिमेची भिंत, लांबी चौदा मीटर, बाहेरच्या प्लास्टरचं काम चालू. पाइप-क्लॅम्पची दुहेरी परांची, म्हणजे भिंतीजवळ एक रांग, बाहेर दुसरी, मधलं अंतर १.२ मीटर. उभे पाइप दर दोन मीटरवर, म्हणजे एका रांगेत आठ. फळ्यांचे थरही दर दोन मीटरवर, एकूण पाच. वरून हिरवी जाळी. लांबून बघितलं तर फोटो काढावा अशी.

सुरुवात पायापासून. प्रत्येक उभ्या पाइपाखाली बेस प्लेट आणि तिच्याखाली लाकडी फळी हवी. मी बुटाच्या टोकाने एकेका बेस प्लेटला बाजूने ठोकर मारत गेलो. ज्या पाइपावर खरंच भार आहे त्याची प्लेट ठोकरीने हलत नाही. पाचव्या पाइपाची प्लेट गर्रकन फिरली. खाली वाकून बघितलं तर फळीखाली माझी चार बोटं सहज गेली. शनिवारी प्लंबरने ड्रेनेजच्या पाइपासाठी चर खणला होता, पाइपापासून जेमतेम फूटभर लांब, आणि रात्रीच्या पावसाने चराची कड ढासळून फळीखालची माती घेऊन गेली होती. तो पाइप जमिनीवर उभा नव्हता, वरच्या क्लॅम्पना लटकत होता. त्याचा भार चौथ्या आणि सहाव्या पाइपांवर गेला होता. वर माणसं चढून माल ठेवेपर्यंत हे दिसलंही नसतं. अशा वेळी फळीखाली विटेचा तुकडा ठोकून निघून जाऊ नका. वीट फुटते. चर भरून, माती ठोकून, लांब फळी टाकून प्लेट पुन्हा बसवावी लागते, आणि तोवर त्या भागावर कुणी चढत नाही.

त्यानंतर मी परांचीच्या टोकाला, कोपऱ्यावर उभा राहिलो आणि पाइपांच्या रांगेवरून नजर टाकली. गवंडी दोरीवरून नजर लावतो तसं. समोरून जाळीमुळे काही कळत नाही, टोकावरून कळतं. रांग वरच्या बाजूला बाहेर झुकल्यासारखी वाटली. नजरेवर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं. खाली भिंत आणि आतला पाइप यांच्यातलं अंतर बारा इंच. तिथून वर त्या परांचीने न जाता जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेलो, खिडकीतून हात काढून मोजलं: चौदा इंच. बांधताना बारा होते हे त्या मुलाला आठवत होतं.

आणि खिडकीत उभं राहिल्यावर कारण समोरच होतं. तिथे टाय नव्हता. तुम्हाला माहीत आहे, आपण टाय कसा घेतो: परांचीपासून एक पाइप खिडकीतून आत, आणि आतून खिडकीच्या तोंडाला आडवा दुसरा पाइप, दोन्ही क्लॅम्पने जोडलेले. बांधणाऱ्याने चार मीटर आणि आठ मीटर उंचीवर, एकाआड एक पाइपाला, असे आठ टाय दिले होते. मी मोजले, तीन उरले होते. वरच्या ओळीतले चारही गेले होते आणि खालच्यातला एक.

कुणी काढले? प्लास्टरवाल्याने. त्याच्या बाजूने विचार करा. खिडकीच्या कडांना प्लास्टर करायचंय आणि मधून पाइप जातोय. कड मारता येत नाही, थापीच फिरत नाही. प्लास्टर वरून खाली येतं, म्हणून आधी वरचे टाय जातात. त्याने काढला, काम केलं, पाइप नीट कडेला ठेवला. तो पाइप काय करत होता हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

टाय परांचीला भिंतीकडे ओढून धरतो, हे सगळ्यांना कळतं. तो तिला भिंतीपासून लांबही धरतो, म्हणजे ढकलणंही सोसतो, हे विसरलं जातं. म्हणून टायच्या जागी तार किंवा नायलॉनची दोरी बांधली तर ती अर्धंच काम करते. दोरी ओढते, ढकलत नाही. आता या परांचीत चार मीटरच्या वर काहीच बांधलेलं नव्हतं. साडेसहा मीटर उंचीचं काम १.२ मीटर रुंदीवर उभं. अमेरिकेच्या नियमात न बांधलेल्या परांचीची उंची पायाच्या रुंदीच्या चौपटीपलीकडे जाऊ देत नाहीत. इथे ती पाचपटीच्या वर गेली होती, आणि तीही जमिनीवर नाही, चार मीटर वर. त्यात हिरवी जाळी. जाळी धूळ आणि पडणारा माल अडवते, हवीच आहे, पण वारा धरते. ती शिडासारखी फुगते आणि तो सगळा जोर टायवर येतो. टाय काढून जाळी तशीच ठेवणं हा सगळ्यात वाईट जोड आहे.

आम्ही चढाई थांबवली. ठेकेदार चिडला, तेरा माणसांचा अर्धा दिवस जात होता. परांची बांधणाऱ्याला बोलावलं. त्याने वरची जाळी सोडली, परांची ओळंब्यात आणली आणि मग दुसऱ्या मजल्याच्या बीममध्ये अँकर बोल्ट मारून टाय घेतले, खिडकीतून घेतलेच नाहीत. बोल्ट काँक्रीटमध्येच, वीटकामात नाही. प्लास्टर झाल्यावर छोटंसं भोक बुजवावं लागतं, बाकी काही नाही. तेव्हापासून माझा आग्रह असा: प्लास्टरच्या कामाला टाय पहिल्यापासून बीममध्ये घ्या. आणि खिडकीतला काढावाच लागला तर आधी शेजारी दुसरा लावायचा, मग हा काढायचा, आणि दोन्ही कामं परांची बांधणाऱ्याने करायची.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. रोजच्या तपासणीचा पूर्ण क्रम सांगेन असं मी कबूल केलं होतं, तो आता भरभर सांगतो.

पाय आणि टाय सांगून झाले. तिसरं, कैची, म्हणजे तिरके पाइप. ते खालपासून वरपर्यंत अखंड आहेत का बघा. जायला-यायला अडचण होते म्हणून सगळ्यात खालचा तिरका पाइप काढलेला असतो, आणि त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

चौथं, फळ्या. आधारापलीकडे फळीचं टोक दोन इंचांपेक्षा कमी नको, नाहीतर सरकून सुटते. सहा इंचांपेक्षा जास्तही नको, नाहीतर टोकावर पाय पडला की दुसरं टोक वर उचललं जातं. ती फळी दिसायला चांगलीच असते, म्हणून तिथे नजर फिरवून भागत नाही, टोक बघावंच लागतं. फळीखाली वाळलेला माल साचला असेल तर ती डुगडुगते, खरवडून काढा. कठडा आणि फळीच्या कडेची उभी पट्टी दोन्ही जागेवर आहेत का, तेही याच फेरीत.

पाचवं, भार. प्लास्टरच्या परांचीवर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. आपला एक गाळा दोन मीटर बाय १.२, म्हणजे २.४ चौरस मीटर, म्हणजे पावणेपाचशे किलो. दोन माणसं आणि मालाची दहा घमेली मिळून चारशेच्या आसपास जातात, चालतं. पण त्याच गाळ्यावर दीडशे विटा रचल्या तर नुसत्या विटाच साडेचारशे किलो होतात, त्यात माणसं. त्यामुळे सकाळी वर आदल्या दिवशीचा किती माल पडलाय ते बघा, आणि आधी तो उतरवा.

ही फेरी कामावर येणाऱ्या पहिल्या माणसाच्या आधी, उजेडात, खालून वर. पाऊस किंवा जोराचा वारा येऊन गेला, कुणी गाडी पाइपाला धडकवली, की दिवसाच्या मध्येही पुन्हा. तेरा-चौदा मीटरच्या भिंतीला पंधरा मिनिटं लागतात. गडबड आढळली तर चढायची शिडीच काढून घ्या. लाल पाटी लावली तरी लोक चढतात, शिडी नसेल तर थांबतात.

क्लॅम्पबद्दल बोलायला वेळच उरला नाही. म्हणून बाहेर चहाच्या टेबलावर मी पाइपाच्या एका तुकड्यावर दोन क्लॅम्प लावून ठेवलेत आणि शेजारी पाना आहे. हाताने हलवून बघा, दोन्ही सारखेच घट्ट वाटतील. मग पाना लावा. एक जागचा हलणार नाही. दुसऱ्याच्या आट्यांत नुसतं सिमेंट वाळलंय, पहिल्याच झटक्यात नट मोकळा फिरेल.