‘४४ टक्के घट’ म्हणजे नेमकं किती?

नमस्कार मंडळी! पुण्यात थीसिस जमा करायचे दिवस आले की रेसिडेंट मंडळींचे ॲबस्ट्रॅक्ट माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत एकच वाक्य ठसठशीत असतं: “औषधाने धोका अमुक टक्के कमी झाला.” कशाचे टक्के, हे मात्र गायब.

ज्युपिटर ट्रायल घेऊ. २००८ सालची. एकूण १७,८०२ लोक, अर्ध्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध, अर्ध्यांना प्लासिबो. मुख्य परिणाम होता हार्ट अटॅक, स्ट्रोक, अँजिओप्लास्टी-बायपास, अस्थिर अंजायनासाठी ॲडमिशन किंवा हृदयविकाराने मृत्यू. दोन गटांत घटना घडण्याच्या वेगाचं गुणोत्तर, म्हणजे हॅझर्ड रेशो, ०.५६, म्हणून धोका ४४ टक्क्यांनी कमी. औषध कंपनीच्या एमआरच्या चकचकीत कार्डावर हाच आकडा शोभून दिसतो.

आता घटना मोजू. प्रत्येक गटात ८,९०१ लोक. प्लासिबो गटात २५१ जणांना त्रास झाला, म्हणजे २.८ टक्के. औषधाच्या गटात १४२, म्हणजे १.६. फरक साधारण १.२ टक्के, नेमका १.२२. ही झाली निरपेक्ष घट, आपली एआरआर. शंभराला १.२२ ने भागा, उत्तर ८२. एक घटना टाळायला ८२ जणांना औषध द्यायचं. हा एनएनटी. एका खच्चून भरलेल्या पीएमटीतल्या सगळ्यांना गोळ्या, तेव्हा एकाचा फायदा.

पण थांबा. त्याच पेपरमध्ये, ॲबस्ट्रॅक्टमध्ये नव्हे, दोन वर्षांसाठी एनएनटी ९५ दिलाय आणि चार वर्षांसाठी ३१. मग आपले ८२ चुकले का? तसं नाही. लोक वेगवेगळा काळ ट्रायलमध्ये होते, मध्यक फॉलो-अप जेमतेम १.९ वर्षं, आणि आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं. असा डेटा असेल तर ठरावीक वर्षाला, काळानुसार घटनांचं प्रमाण दाखवणाऱ्या कॅप्लन-मायर वक्रावरून दोन्ही गटांतला धोका वाचायचा आणि मग वजाबाकी करायची. चार वर्षांच्या ३१ वर मात्र मी जपूनच विसंबेन, कारण इतका काळ ट्रायलमध्ये राहिलेले फार थोडे होते.

म्हणून काळ न लिहिलेला एनएनटी मला अर्धवट वाटतो. ॲबस्ट्रॅक्टमध्ये दोन्ही गटांच्या घटना, हॅझर्ड रेशो, एआरआर विश्वासांतरासह आणि “दोन वर्षांसाठी एनएनटी ९५” इतकं लिहा. जेमतेम दोन ओळी जास्त होतील. ट्रायलचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्टच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनाही होय-नाही स्वरूपाच्या परिणामांसाठी सापेक्ष आणि निरपेक्ष, दोन्ही आकडे द्यायला सांगतात.

आणि हाच हिशेब उलट्या बाजूनेही करा. ज्युपिटरमध्ये डॉक्टरांनी नोंदवलेला नवा मधुमेह प्लासिबो गटात २१६ जणांना झाला, औषधाच्या गटात २७० जणांना. फरक ५४ चा, म्हणजे ढोबळमानाने १६५ जणांमागे एक जास्तीचा मधुमेही. ॲबस्ट्रॅक्टमध्ये मधुमेह वाढल्याचं लिहिलंय, पण आकडा नाही.