विपणनाच्या प्रश्नमंजूषेतील ‘चूक की बरोबर’ आणि ‘विधान व कारण’: गुण नेमके कुठे जातात?

नमस्कार. बारावी वाणिज्य, बी.कॉम., बी.एम.एस. किंवा नेट यांपैकी कोणत्याही परीक्षेसाठी विपणनाचा अभ्यास करणाऱ्यांना आज मला दोन प्रकारच्या प्रश्नांविषयी सांगायचे आहे: चूक की बरोबर, आणि विधान व कारण. धडा चांगला वाचलेले विद्यार्थीही या प्रश्नांत गुण गमावतात, कारण विधानातला एखादा लहानसा शब्द त्यांच्या नजरेतून सुटतो.

‘नेहमी’, ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीही नाही’, ‘एकमेव’ असे टोकाचे शब्द दिसले की विधान चूक समजावे, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो मला अपुरा वाटतो, आणि विपणनात तर तो धोक्याचा आहे. पुढची दोन विधाने पाहा.

(पडद्यावर)
पहिले: किंमत हा विपणन मिश्रातील उत्पन्न मिळवून देणारा एकमेव घटक आहे.
दुसरे: किंमत कमी केल्यास विक्री नेहमीच वाढते.

दोन्हींत टोकाचा शब्द आहे, तरीही पहिले विधान बरोबर आहे आणि दुसरे चूक. वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार या चार घटकांपैकी वस्तू तयार करायला, ती बाजारात पोहोचवायला आणि तिची जाहिरात करायला पैसा खर्च होतो. पैसा आत येतो तो किमतीच्या रूपाने. ‘एकमेव’ हा शब्द येथे चार घटकांच्या रचनेतूनच आला आहे, म्हणून तो टिकतो. दुसरे विधान मात्र ग्राहक कसे वागतील याविषयी आहे. मीठ स्वस्त झाले म्हणून कोणी आमटीत जास्त मीठ घालत नाही, आणि प्रतिष्ठेची मानली जाणारी वस्तू फार स्वस्त झाली तर तिच्या दर्जाविषयीच शंका येऊ लागते.

म्हणून टोकाचा शब्द दिसल्यावर लगेच ‘चूक’ लिहू नका. तो शब्द व्याख्येवर बसवला आहे की माणसांच्या वागण्यावर, हे आधी तपासा. ‘जाहिरात ही नेहमी पैसे मोजून केलेली असते’ हे विधान बरोबर आहे, कारण पैसे मोजणे हा जाहिरातीच्या व्याख्येचाच भाग आहे; पैसे न देता वर्तमानपत्रात उल्लेख झाला तर तिला आपण प्रसिद्धी म्हणतो. ‘जाहिरातीमुळे विक्री नेहमी वाढते’ हे मात्र चूक, कारण ते बाजाराच्या वागण्याविषयीचे भाकीत आहे.

कायद्याविषयीची विधाने या दोन्हींच्या मधोमध येतात. ‘दुकानदाराला वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत’ हे बरोबर आहे. पण त्यात ‘कोणालाही, कोणत्याही ठिकाणी’ असे घातले की ते डळमळते, कारण हॉटेल व रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. तेथे ग्राहक बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही घेत असतो, असा त्यामागचा विचार आहे.

आता अर्धसत्य विधानांकडे वळू. अशा विधानाचा पहिला भाग इतका ओळखीचा असतो की दुसरा भाग आपण वाचतो खरा, पण तपासत नाही. ‘विपणनाचे कार्य उत्पादनापूर्वी सुरू होते आणि वस्तूची विक्री होताच संपते.’ ग्राहकाची गरज जाणून घेणे उत्पादनाच्या आधी होते, त्यामुळे पूर्वार्ध बरोबर आहे. पण विक्रीनंतरची सेवा, तक्रार निवारण आणि ग्राहकाचा अभिप्राय हेही विपणनातच मोडते, म्हणून उत्तरार्ध चूक आणि त्यामुळे संपूर्ण विधान चूक. विधानात ‘आणि’, ‘म्हणून’, ‘ज्यामुळे’ असा जोडशब्द आला की तेथे पेन्सिलने उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासा.

कधी दोन्ही भाग ओळखीचे असतात आणि फक्त त्यांची जोडी उलटी लावलेली असते. ‘साठवणुकीमुळे स्थल उपयोगिता आणि वाहतुकीमुळे काल उपयोगिता निर्माण होते’ या वाक्यात एकही परका शब्द नाही, तरी ते चूक आहे, कारण माल एका जागेहून दुसऱ्या जागी नेते ती वाहतूक, आणि गरज पडेपर्यंत सांभाळून ठेवते ती साठवणूक.

विधान व कारण या प्रकारात आणखी एक पायरी वाढते. पर्याय सहसा असे असतात: अ म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे, ब म्हणजे दोन्ही बरोबर, पण कारण योग्य स्पष्टीकरण नाही, क म्हणजे विधान बरोबर, कारण चूक, आणि ड म्हणजे विधान चूक, कारण बरोबर. प्रश्नपत्रिकेत हा क्रम बदललेला असू शकतो, म्हणून तो तेथे जरूर वाचा.

(पडद्यावर)
विधान: मध्यस्थांना वगळता येते, पण त्यांची कार्ये वगळता येत नाहीत.
कारण: वितरण साखळी जितकी लांब, तितके उत्पादकाचे तिच्यावरील नियंत्रण कमी होते.

पहिल्यांदा कारणावर हात ठेवून फक्त विधान तपासा. उत्पादकाने घाऊक व्यापाऱ्याला वगळले, तरी मालाची साठवण, वाहतूक, उधारी आणि न खपलेल्या मालाची जोखीम कोणाला तरी उचलावीच लागते, म्हणून विधान बरोबर. मग विधान झाका आणि कारण वाचा. तेही बरोबर आहे. येथपर्यंत आल्यावर अनेक जण घाईने ‘अ’ लिहितात. त्याऐवजी दोन्ही वाक्ये ‘कारण’ या शब्दाने जोडून सलग वाचा: मध्यस्थांची कार्ये वगळता येत नाहीत, कारण लांब साखळीत उत्पादकाचे नियंत्रण कमी होते. हे पटत नाही, कारण नियंत्रण कमी होण्यावरून साठवण कोणी तरी करावी लागते हे सिद्ध होत नाही. उत्तर ‘ब’. कारणाच्या जागी ‘साठवण, वाहतूक आणि जोखीम पत्करणे ही कामे माल ग्राहकापर्यंत पोहोचवण्यासाठी आवश्यकच असतात’ असे असते, तर उत्तर ‘अ’ झाले असते.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे.

(पडद्यावर)
विधान: नाशवंत मालासाठी लांब वितरण साखळी योग्य ठरते.
कारण: नाशवंत माल कमीत कमी वेळात ग्राहकापर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

कारण इतके निर्विवाद आहे की त्याच्या जोरावर विधानही बरोबर वाटू लागते. हात ठेवून वाचण्याचा खरा उपयोग येथे होतो, कारण एकटे वाचल्यावर ‘लांब’ हा शब्द लगेच खटकतो. प्रत्येक वाढीव टप्प्यावर माल उतरवणे, चढवणे आणि थांबणे आले, म्हणून नाशवंत मालाला आखूड साखळी योग्य. विधान चूक, कारण बरोबर, उत्तर ‘ड’. वाशीच्या बाजार समितीतली भाजी अडत्या, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशा हातांतून जाते हे आपण पाहतो, आणि एखादा चौकस विद्यार्थी त्या आधारावर विधान बरोबर ठरवू शकतो. पण प्रश्नात ‘योग्य ठरते’ असे म्हटले आहे, ‘आढळते’ असे नाही. प्रत्यक्ष बाजारात काय चालते, हा प्रश्न येथे विचारलेलाच नाही.

‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातली रेषा काही प्रश्नांत खरोखरच पुसट असते. वस्तूच्या जीवनचक्रातील परिपक्वतेच्या टप्प्यात नफा घटू लागतो असे विधान दिले, आणि कारण म्हणून त्या टप्प्यात स्पर्धा तीव्र होते असे दिले, तर मधल्या कड्या आपण स्वतः जोडून पाहाव्यात: स्पर्धा वाढली की किमती उतरवाव्या लागतात, प्रसारावरील खर्च वाढतो आणि नफा कमी होतो. बाहेरचे दुसरे कारण न आणता अशी साखळी पूर्ण झाली, तर मी ‘अ’ लिहिण्याचा सल्ला देईन. साखळी जुळवण्यासाठी नवीनच मुद्दा आणावा लागला, तर ‘ब’.