रीसेटनंतर गेलेले एसएमएस परत आणताना

नमस्कार. कळमना बाजारात संत्र्यांचा व्यवहार करणारे माझे मामा २० ऑक्टोबरला सीताबर्डीवरून फोन दुरुस्त करून घरी आले, तेव्हा त्यांच्या अँड्रॉइड फोनमधील एसएमएसची यादी रिकामी होती. दुकानदाराने फॅक्टरी रीसेट केला होता आणि सेटअपमध्ये जुना डेटा आणायचा का, असे विचारले गेले तेव्हा नकार दिला होता. व्यापाऱ्यांनी कळवलेले भाव आणि बँकेचे जमा-संदेश, दोन्ही गेले.

संदेश परत मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या सॉफ्टवेअरवर कृपया पैसे घालवू नका. आजच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे मागे काही उरले तरी ते वाचता येत नाही.

आम्ही प्रथम गूगल ड्राइव्ह अॅपच्या मेनूमधील `Backups` उघडले. तेथे मामांच्या जुन्या फोनचा १२ ऑक्टोबरचा बॅकअप होता आणि त्यात एसएमएसचा उल्लेखही होता. हा उल्लेख नसेल, तर पुढची खटपट व्यर्थ आहे. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर गूगल हा बॅकअप काढून टाकते, म्हणून दिरंगाई करू नये.

आता खरी अडचण. हा बॅकअप सहसा फोनच्या पहिल्या सेटअपमध्येच उतरवता येतो, नंतर सेटिंग्जमध्ये त्यासाठी बटण सापडत नाही. म्हणून फोन पुन्हा रीसेट करावा लागला. ऐकताना हे उफराटे वाटते, मामांनाही वाटले. रीसेटनंतर काढलेले फोटो आणि व्हॉट्सअॅप आधी सुरक्षित ठेवले, मग सेटअपमध्ये तेच गूगल खाते घालून १२ ऑक्टोबरचा बॅकअप निवडला. येथे फोनने जुना स्क्रीन लॉक मागितला. दुकानात टाकलेला नवा पिन चालत नाही. मामांना जुना आठवत होता, हे नशीब! नवीन फोन घेतला असेल तरी रीत हीच आहे, मात्र त्याची अँड्रॉइड आवृत्ती जुन्या फोनपेक्षा कमी नसावी.

संदेश आले, पण १२ तारखेपर्यंतचेच. हा बॅकअप साधारणपणे फोन वायफायवर, चार्जिंगला आणि वापराविना असताना होतो. मामांकडे वायफाय नाही, आणि १२ तारखेला ते आमच्याकडे मुक्कामाला होते.

उरलेल्या आठ दिवसांसाठी त्यांनी मोबाइल कंपनीकडे विचारणा केली. कंपन्यांना कॉल आणि एसएमएसच्या नोंदी दोन वर्षे ठेवाव्या लागतात, परंतु त्या नोंदींत क्रमांक आणि वेळ असते, मजकूर नसतो. जमा रकमा शेवटी बँकेच्या खातेउताऱ्यातून मिळाल्या. भाव मात्र व्यापाऱ्यांना फोन करून पुन्हा विचारावे लागले.