ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर की आत?

समोर एक साधी खिडकी धरू. पश्चिमेकडे तोंड, रुंदी 1.2 मीटर, उंची दीड मीटर, म्हणजे 1.8 चौरस मीटर काच. काच एकपदरी आणि बिनरंगी. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण 600 वॉट ऊन पडतं असं समजा. सगळ्या काचेवर मिळून 1080 वॉट झाले. साधी काच त्यातले सुमारे 85 टक्के आत सोडते, म्हणजे खोलीत 900 वॉटचा हीटर लावल्यासारखंच.

बाहेरची हवा आतल्यापेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर तेवढ्याने काचेतून येणारी उष्णता जेमतेम 100 वॉट असते. तेव्हा भांडण गरम हवेशी नाही, थेट उन्हाशी आहे.

काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. तो पडदा, फरशी, गादी यांवर पडला की त्या तापतात आणि उष्णता बाहेर टाकू लागतात. ही उष्णता मात्र काच सरळ बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पडदा ओढून घेतला तरी ऊन आधीच घरात आलेलं असतं. गडद पडदा ते शोषतो आणि स्वतःच तापतो. भर उन्हात त्याच्या मागे हात घाला. तिथली हवा गरम असते, वरच्या फटीतून खोलीत येते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत शिरते. पडदा धुराड्यासारखं काम करत असतो. उपाय असा, की काचेकडची बाजू पांढरी हवी, कापड दाट हवं आणि वरची फट पेटीसारख्या झाकणाने बंद हवी. असा पडदा ऊन जवळपास निम्म्यावर आणतो, पण त्याहून फार खाली नेईल अशी आशा ठेवू नका.

दुसरा उपाय फिल्म, म्हणजे काचेवर चिकटवायचा पातळ थर. ती काचेवरच काम करते. ती घेताना काळेपणा पाहून भुलू नका. स्वस्त रंगीत फिल्म ऊन परतवत नाही, शोषते. मग काच तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत येते. 'इन्फ्रारेड 97 टक्के अडवते' हा आकडाही फसवा असतो, कारण तो बहुधा उन्हाच्या एका पट्ट्यापुरताच असतो. विचारायचा आकडा म्हणजे टीएसईआर, एकूण सौर ऊर्जेतला किती भाग बाहेर राहतो तो. 60 असेल तर आपल्या खिडकीतून 900 ऐवजी सुमारे 430 वॉट येतील. चांगली परावर्तक फिल्म एवढं करते, मात्र रात्री आत दिवा लागला की आरसा उलटतो. बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आपल्याला फक्त आपलाच चेहरा.

लावताना काच ओली करून पात्याने खरवडा. एक लिटर पाण्यात शाम्पूचे चारपाच थेंब टाकून ते पाणी काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवरही भरपूर फवारा. फिल्म बसवून रबराच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकला. चौकटीपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर कड उचलली जाते. पहिले काही आठवडे काच धुरकट दिसेल. ते आत अडकलेलं पाणी आहे, हळूहळू वाळतं. पण टोकदार ठिपका उरला तर तो धुळीचा कण समजा, तो जात नाही.

आता फिल्मचं मोठं दुखणं, काच तडकणं. काचेचा मधला भाग उन्हात तापतो, तर चौकटीत दबलेली कड थंड राहते. मधला भाग पसरू पाहतो आणि कड ताणली जाते. कडेला आधीचा बारीक टवका असेल तर तडा तिथूनच निघतो. उष्णतेचा तडा कडेशी काटकोनात सुरू होतो, त्यावरून तो ओळखता येतो. रंगीत किंवा तारेच्या जाळीच्या काचेवर ऊन शोषणारी फिल्म लावू नये. फिल्म लावलेल्या काचेला जाड पडदा चिकटून राहील असंही करू नये.

तिसरा उपाय खिडकीबाहेर आडोसा म्हणून बसवायच्या झडपा. त्यांना हे दुखणं नाही. ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. पट्ट्यांची फिकट रंगाची झडप पूर्ण लावली की आपल्या खिडकीतून उन्हाचे 100 ते 150 वॉट येतात. काच आणि झडप यांत पाचेक सेंटिमीटर अंतर हवं आणि वरून हवा सुटायला वाट हवी, नाहीतर तापलेली झडप काचेलाच शेकत बसते. दुपारी पश्चिमेचं ऊन खाली उतरतं, तेव्हा वरचा छज्जा कुचकामी ठरतो. तिथे उभ्याच आडोशाची गरज असते. अडचण वाऱ्याची आणि खिडकी बाहेर उघडत असेल तर तिचं दार झडपेला अडण्याची. खिळे गिलाव्यात नव्हे, भिंतीत पक्के जायला हवेत.

झडप बसवणं शक्य नसेल तर फिल्म, आणि भाड्याचं घर म्हणून तीही नको असेल तर पांढऱ्या पाठीचा पडदा, असा क्रम मी लावेन. फिल्म आणि पडदा दोन्ही लावले, तर दोघांचे टक्के नुसते बेरजेने मोजू नका. फिल्मने सोडलेल्या 430 वॉटांमधलाच काही भाग पडदा परत पाठवू शकतो, आणि परतणारं ऊन पुन्हा त्याच फिल्ममधून बाहेर पडायला हवं.