एकाच गावाच्या तीन टक्केवाऱ्या

[दृश्य: रस्त्याकडेला उन्हात पडलेले निळे पाइप]

जलजीवन मिशन 2019 साली सुरू झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे एका जिल्ह्यात शेकडो छोट्या योजना एकाच वेळी चालणार. त्यातली एक योजना नमुन्यादाखल घेऊ, खर्च 80 लाख.

सोमवारच्या आढाव्यात लेखा शाखा सांगते, काम 50 टक्के. 40 लाखांची देयकं निघाली आहेत ना! शाखा अभियंता म्हणतो 75, कारण गावातल्या चार किलोमीटर वितरण नलिकेपैकी तीन टाकून झाल्या. ठेकेदाराचा आकडा 90. त्याच्या मते आता किरकोळच राहिलंय.

खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे, इतकंच.

प्रकल्प व्यवस्थापन कक्षाचं काम इथे सुरू होतं. कक्ष पाइप टाकत नाही, मोजायची रीत ठरवतो. उद्भव विहिरीला 15 गुण, टाकीकडे पाणी चढवणाऱ्या ऊर्ध्ववाहिनीला 20, टाकीला 25, वितरण नलिकेला 25, नळजोडण्यांना 15. टप्पा चाचणीत उतरला तरच पूर्ण गुण, तोवर शून्य. नलिकेत दाब देऊन गळती पाहायची, टाकी भरून पाझर पाहायचा.

आता आपल्या गावात विहीर आणि ऊर्ध्ववाहिनी चाचणीत उतरल्या आहेत. बेरीज 35.

[दृश्य: कॉलमच्या गजांवर गंज, आजूबाजूला गवत]

अभियंत्यांना हा शून्य खटकतो, आणि त्यात तथ्य आहे: स्लॅबपर्यंत आलेली टाकीही कागदावर शून्यच दिसते. पण टाकी तीन महिने शून्यावर बसली की प्रश्न आपोआप वर येतो. इथे कारण निघालं जागेचं. टाकीसाठी जमीन देणाऱ्याचं बक्षीसपत्रच झालेलं नव्हतं. हे अभियंत्याच्या हातात नाही. म्हणून दुसरा नियम: एका महिन्यात न सुटलेली अडचण मासिक बैठकीत वर न्यायची, आणि कुणी, कधीपर्यंत सोडवायची ते इतिवृत्तात लिहायचं.

कक्षही चुकतात बरं का! पाच लाखांच्या दुरुस्तीला आणि पाच कोटींच्या योजनेला तोच वीस पानी तक्ता दिला, की मागच्या महिन्याचे आकडे पुढे चिकटवले जातात. सलग दोन महिने शेरे शब्दशः तेच असले, तर तक्ता कुणीतरी नुसता भरलाय हे ओळखावं. छोट्या कामाला एक पान पुरतं.

मिशनमध्ये ‘हर घर जल’ गावांच्याही दोन पायऱ्या आहेत. विभागाने कळवलेलं गाव वेगळं, आणि ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित केलेलं वेगळं. त्या ग्रामसभेचं छोटं चित्रीकरणही करायचं असतं.

[दृश्य: गावाच्या टोकाचा नळ, खाली कळशी]

ठरावाआधी कक्षाने आपल्या एका पानात एक ओळ घालावी: मे महिन्यात शेवटच्या नळाखाली कळशी किती मिनिटांत भरली?