एकाच मॉडेलचे दोन फोन आणि एक फोटो

नमस्कार. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. समोर एक फोटो आहे आणि एक फोन. हा फोटो याच फोनने काढला का? या मॉडेलच्या कुठल्या तरी फोनने नव्हे, नेमक्या याच फोनने. फाइलसोबत जाणारी, फोनचं मॉडेल आणि वेळ नोंदवणारी एक्झिफ माहिती इथे फारशी उपयोगाची नाही. ती कुणालाही पुसता येते, बदलता येते, आणि बरीच मेसेजिंग अ‍ॅप ती आपणहूनच काढून टाकतात. तेव्हा उत्तर चित्रातच शोधावं लागतं.

फोनच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर कोट्यवधी पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेल पडलेल्या प्रकाशाचं विद्युतभारात रूपांतर करतो. ते घडवताना त्यांच्या क्षेत्रफळात आणि खालच्या सिलिकॉनमध्ये अगदी बारीक फरक राहतात. त्यामुळे सगळ्यांवर सारखाच प्रकाश पडला तरी एखादा पिक्सेल किंचित जास्त प्रतिसाद देतो, शेजारचा किंचित कमी. हा फरक साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतो, डोळ्याला दिसत नाही. पण तो त्या पिक्सेलचा स्वभाव आहे, फोटोगणिक बदलत नाही. याला पीआरएनयू म्हणतात. मी पुढे नुसतं ‘ठसा’ म्हणेन.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा फरक प्रकाशाच्या पटीत असतो. काळ्याकुट्ट भागात प्रकाशच नाही, म्हणून ठसाही नाही. पांढरंफेक जळालेल्या भागात पिक्सेल भरून गेलेला असतो, तिथेही ठसा नाही. मधल्या उजेडाचा, सपाट, फारशी नक्षी नसलेला भाग सगळ्यात उपयोगी. रात्रीच्या फोटोंची तपासणी अवघड जाते ती यामुळेच.

आता कृती. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात यान लुकाश, जेसिका फ्रिड्रिच आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी ती 2006 मध्ये नीट मांडली. संशयित फोन हातात असेल तर त्याने ढगाळ आभाळासारख्या सपाट, उजळ दृश्याचे तीस-पन्नास फोटो काढायचे. प्रत्येक फोटो नॉइज, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, काढणाऱ्या फिल्टरमधून न्यायचा आणि स्वच्छ झालेलं चित्र मूळ चित्रातून वजा करायचं. उरलेल्या गाळात ठसा असतोच, पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो तो दर वेळी वेगळा पडणारा नॉइज. असे पुष्कळ फोटो एकत्र केले की बदलणारा नॉइज एकमेकांना खोडत जातो आणि न बदलणारा ठसा वर येतो. हे एकत्रीकरण साध्या सरासरीने करण्यापेक्षा उजळ पिक्सेलना जास्त वजन देऊन करतात:

```
K = Σ(W·I) / Σ(I·I)
```

इथे `I` म्हणजे फोटो, `W` म्हणजे त्यातला गाळ आणि `K` म्हणजे ठसा. मग वादातल्या फोटोचाही गाळ काढायचा आणि तो ठशाशी किती जुळतो ते पाहायचं.

जुळतो म्हणजे किती? जुळणी मोजणाऱ्या आकड्याला सहसंबंध म्हणतात; पूर्ण जुळलं तर तो 1 येतो. अगदी खऱ्या जोडीतही सहसंबंध फार लहान येतो. समजा 0.02 आला. आकडा ऐकून कुणालाही वाटेल की हे काही जुळणं नव्हे. पण इथे सगळी ताकद पिक्सेलच्या संख्येत आहे. म्हणून तज्ज्ञ पीसीई नावाचं माप वापरतात. जिथे जुळणी सर्वाधिक आहे त्या जागच्या सहसंबंधाचा वर्ग घ्यायचा आणि ठसा इतरत्र सरकवून मिळणाऱ्या सहसंबंधांच्या वर्गांच्या सरासरीने त्याला भागायचं. ती सरासरी साधारण एक भागिले पिक्सेलची संख्या एवढी असते. म्हणजे ढोबळमानाने पीसीई म्हणजे पिक्सेलची संख्या गुणिले सहसंबंधाचा वर्ग.

आता 4000 गुणिले 3000 चा, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलचा फोटो घ्या. 0.02 चा वर्ग 0.0004. गुणाकार 4,800. त्याच फोटोतून कुणी 1000 गुणिले 1000 चा तुकडा कापून पाठवला, तर 400. आणि 100 गुणिले 100 चा, नुसता चेहरा कापलेला तुकडा असेल, तर फक्त 4. निर्णयाची नेहमीची मर्यादा 60 धरतात, म्हणजे या उदाहरणात साधारण 390 गुणिले 390 च्या खाली गेलात की जुळणी सिद्ध होत नाही. फोन तोच, फोटो तोच, तरी उत्तर मिळत नाही. म्हणून ‘ठसा जुळला नाही’ असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ ‘फोटो या फोनचा नाही’ असा लावू नका. फोटो लहान केला असेल, वळवला असेल, जास्त दाबून साठवला असेल, तर ठसा पुसट होतो. शिवाय आकार बदलला असेल तर ते प्रमाण शोधून ठसाही तेवढाच लहान करून पाहावा लागतो, नाहीतर पिक्सेलवर पिक्सेल बसतच नाही.

उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: चुकीची जुळणी. नॉइज पूर्ण यादृच्छिक मानला, तर परक्या फोनचा पीसीई एका ठरावीक जागी 60 च्या वर जाण्याची शक्यता एकावर पंधरा शून्यं इतक्या वेळांत काही मोजक्या वेळा, इतकी नगण्य निघते. प्रत्यक्षात काय झालं? 2009 मध्ये गोल्यान, फ्रिड्रिच आणि फिलर यांनी 6,896 कॅमेऱ्यांचे दहा लाखांहून जास्त फोटो तपासले. 60 या मर्यादेला चुकीच्या जुळणीचं प्रमाण लाखात साधारण अडीच निघालं. हेही कमीच, पण कागदावरच्या हिशोबापेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त. म्हणजे गाळात यादृच्छिक नसलेलं, अनेक कॅमेऱ्यांत समान असं काहीतरी राहतं.

ते काय, यातलं बरंच ठाऊक आहे. प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा प्रकाश मोजतो, बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, आणि त्या भरण्याची पुनरावृत्त होणारी जाळी मॉडेलच्या सगळ्या फोनमध्ये सारखी असते. जेपीईजीचे आठ गुणिले आठचे चौकोन तर सगळीकडेच. म्हणून ठशाच्या प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची सरासरी शून्यावर आणतात, मग वारंवारतेच्या पातळीवर उठून दिसणारी शिखरं, म्हणजे ठरावीक अंतराने परत येणाऱ्या नक्षीच्या खुणा, दाबतात. हे न करता आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

नव्या फोनमध्ये एवढंही पुरत नाही. फोन अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतो, भिंगाचा बाक सरळ करतो, पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करतो. पिक्सेल जागचे हलले की खरी जुळणी निसटते. आणि सगळ्या फोनमध्ये एकच प्रक्रिया एकच खूण सोडत असेल, तर खोटी जुळणी उगवू शकते. 2021 मध्ये इटलीतल्या युलियानी, फोंतानी आणि पीवा यांनी दाखवलं की काही नव्या फोनच्या बाबतीत वेगवेगळ्या उपकरणांचे फोटोही मर्यादेच्या बरेच वर जुळतात.

म्हणून कुणी मला अहवाल दाखवला, तर मी आधी पीसीईचा आकडा पाहत नाही. मी विचारतो: त्याच मॉडेलचे, त्याच कॅमेरा मोडमध्ये वापरलेले दुसरे फोन आणून हाच फोटो त्यांच्या ठशांशी ताडून पाहिला का? समजा संशयित फोनचा आकडा 400 आला आणि दुसऱ्या दहा फोनचे आकडे दोन-तीनच्या आसपास राहिले, तर त्या 400 ला वजन आहे. त्या दहांतल्या एखाद्या फोननेही 150 दाखवले, तर या मॉडेलसाठी 60 ही मर्यादा कामाची नाही, आणि 400 बद्दलही तज्ज्ञाने आधी तो 150 कुठून आला ते शोधायला हवं.