रात्री साडेदहाचा मेसेज

नमस्कार श्रोतेहो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या ऑफिसांत दरवर्षी कितीतरी मुलं-मुली इंटर्नशिपला येतात. आज मला त्यांच्याशी रात्री साडेदहाला फोनवर येणाऱ्या एका मेसेजबद्दल बोलायचं आहे. "एवढं उद्या सकाळपर्यंत करून ठेव ना."

समजा, एक मुलगी डोंबिवलीला राहते. सकाळी सहाला उठते, ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर वाशी-पनवेलची गाडी पकडते आणि ऐरोली गाठते. परत घरी यायला साडेआठ वाजतात. जेवण उरकून लॅपटॉप उघडते, तेव्हा अकरा वाजत आलेले असतात. म्हणजे ती सलग सतरा तास जागी आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली मोजून दाखवलं होतं, की इतका वेळ जागं राहिल्यावर हात आणि डोकं जितकं मंदावतं, तितकं ते रक्तात 0.05 टक्के दारू असताना मंदावतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. त्या अवस्थेत ही मुलगी कंपनीच्या बिलांचे आकडे भरते आहे.

अति काम होतंय हे ओळखायचं, तर आधी आपल्या चुकांकडे बघा. एका रांगेतली रक्कम दुसऱ्या रांगेत जाते. तारखेत महिना आणि दिवस उलटे पडतात. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचावी लागते. अशी चूक अधूनमधून सगळ्यांच्याच हातून होते. पण तुमच्या चुका रात्रीच्याच कामात सापडत असतील आणि दिवसाचं काम स्वच्छ असेल, तर दोष तुमच्या हुशारीचा नाही, वेळेचा आहे. दुसरी खूण रविवारी दिसते. दुपारपर्यंत झोपूनही अंग जड राहतं. तिसरी मला सगळ्यात काळजीची वाटते. मेसेजची टिंग वाजली की छातीत धस्स होतं, अगदी मैत्रिणीचा मेसेज असला तरी. आठवडाभर वहीत काम किती वाजता संपलं, झोप किती झाली आणि दुसऱ्या दिवशी काय दुरुस्त करावं लागलं, एवढंच लिहा. पुढे बोलायची वेळ आली की ही वही उपयोगी पडते.

आता नकार कसा द्यायचा? आजारपणाचं खोटं कारण सांगू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा मेसेज येईल, तेव्हा काय सांगणार? मेसेज वाचून गप्पही बसू नका, कारण समोरचा माणूस काम होतंय असं धरून चालतो. उत्तरात तीन गोष्टी आल्या की पुरे: काम समजलं, आज का नाही, आणि नक्की कधी. असं लिहा:

"सर, शीट पाहिली. आज सकाळपासून काम चालू आहे, आता बसले तर आकड्यांत चुका होतील. उद्या साडेनऊला ऑफिसमध्ये आल्यावर हेच आधी घेते, बारापर्यंत देते. त्याआधी कोणाला हवं असेल, तर कृपया कळवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. सकाळी दहाला क्लायंटची मीटिंग असेल, तर ते तेव्हाच कळतं. मग सगळी शीट करायची गरज नसते. "मीटिंगला लागणारी बेरीज तेवढी आत्ता तपासून पाठवते, बाकीचं उद्या," असं म्हणता येतं. अशी खरी घाई कधीतरी येते आणि त्या रात्री थोडं जागायलाही हरकत नाही. पण बहुतेक वेळा साहेबांनी डोक्यात आलं तसं लिहून टाकलेलं असतं. सकाळी चालेल का, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

मेसेज रोजचेच झाले, तर रात्री उत्तरं देत बसू नका. दुपारी साहेबांकडे दहा मिनिटं मागा आणि वही पुढे ठेवा. "मॅडम, या आठवड्यात चार रात्री काम बाराच्या पुढे गेलं आणि या दोन चुका त्याच कामातल्या आहेत. संध्याकाळी सहाच्या आत काम मिळालं, तर त्याच दिवशी नीट करून देईन." इथे आवाज चढवायचं कारणच नाही, नोंदी समोर असतात.

सर्टिफिकेट अडवतील, ही भीती मुलांच्या मनात असते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून जॉइनिंगच्या पत्रात कामाच्या वेळा काय लिहिल्या आहेत ते आधी वाचा. साहेबांशी बोलूनही फरक पडला नाही, तर ते पत्र आणि वही घेऊन कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना भेटा. कंपनीशी बोलणं हे त्यांच्या कामातच येतं. आणि झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येतं. नमस्कार.